बर्फ ते वाफ आलेख: इंदुरात पाणी ९५ अंशांनाच उकळतंय?

पलासियाकर (इंदूर)

मुलगी अकरावीत आहे. तिला बर्फ तापवत नेऊन वेळ विरुद्ध तापमान असा आलेख काढायचाय. सामान घरचंच: हॉट प्लेट, स्टीलचं पातेलं, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि लाल द्रवाचा ११० अंशांपर्यंतचा लांब थर्मामीटर. बर्फवाल्याकडून लादीचा तुकडा आणून फोडला आणि ४०० ग्रॅम घेतला. हॉट प्लेट आधीच तापवून ठेवली होती.

पुस्तकात दोन सपाट पायऱ्या दाखवतात, एक ० वर, दुसरी १०० वर. आमचा आलेख असा: सुरुवात ० ला झाली, पण बर्फ अजून तरंगत असतानाच थर्मामीटर ३ वर गेला आणि ३ ते ४ च्या मध्ये रेंगाळला. बर्फ संपल्यावर नीट चढत गेला. वरची पायरी मात्र ९५ ला आली. खळखळून उकळतंय, वाफ भकाभका निघतेय आणि थर्मामीटर ९५ वर ठाण मांडून बसलाय. दहा मिनिटं उकळलं तरी हलला नाही.

शाळेतून सांगितलंय की पायऱ्या ० आणि १०० लाच दिसल्या पाहिजेत. मुलगी म्हणते, "बाबा, मग १०० लिहून टाकू का?" मी नको म्हटलं खरं, पण कारण सांगता येईना. थर्मामीटर बिघडलेला म्हणावा, तर ० बरोबर दाखवतो.

राजवाडाचौक (इंदूर)

भिया, पाण्यात भेसळ! आपल्याकडे नर्मदेचं पाणी, त्यात क्षार. क्षारांमुळे उत्कलनबिंदू बदलतो, हे मलाही अकरावीत होतं. आरओचं पाणी गोठवून बघा.

अर्धापेला (पुणे)

क्षारांनी उत्कलनबिंदू वाढतो हो, कमी होत नाही. तुमचं कारण उलट्या दिशेला चाललंय. खरं कारण उंची. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. दर ३०० मीटरला १ अंश कमी असा हिशोब धरा, म्हणजे पावणेदोन अंश गेले. ९८ यायला हवेत.

पण थांबा, आत्ता हवामानाच्या ॲपमध्ये इंदूरचा दाब बघितला, १००१ हेक्टोपास्कल दाखवतोय. हा तर समुद्रकाठासारखाच झाला. या दाबाला पाणी ९९.७ ला उकळायला हवं. मग उंचीचं कारणही बाद? आता माझाच गोंधळ झाला.

लष्करचे_जोशी (ग्वाल्हेर)

अर्धापेला, पहिलं वाक्य बरोबर, उंचीही बरोबर. ॲपने फसवलं.

हवामानाचे नकाशे काढताना सगळ्या गावांचा दाब "हे गाव समुद्रसपाटीला असतं तर किती आला असता" असा रूपांतरित करून देतात. तसं केलं नाही, तर नकाशावर वादळाऐवजी डोंगरच दिसतील. ॲप तोच आकडा दाखवतं. पाण्याला मात्र नकाशा कळत नाही, त्याच्या डोक्यावर जेवढी हवा आहे तेवढाच दाब कळतो. ॲपचे १००१ असतील, तर इंदुरात प्रत्यक्ष दाब ९४० च्या आसपास असणार. पुष्कळ फोनांमध्ये दाबमापक असतो, तो प्रत्यक्ष दाब दाखवतो. पलासियाकर, तुमच्या फोनमध्ये असेल तर बघून सांगा.

क्षारांचा मुद्दा एका ओळीत संपवतो. लिटरमागे अर्धा ग्रॅम मीठ विरघळलेलं असलं, तर उत्कलनबिंदू सुमारे एक शतांश अंशाने वाढतो. तुमच्या थर्मामीटरवर ते जन्मात दिसणार नाही.

पलासियाकर (इंदूर)

काका, बायकोच्या फोनमध्ये निघाला. ९४१ हेक्टोपास्कल. ॲप त्याच वेळी १००१ म्हणतंय.

लष्करचे_जोशी (ग्वाल्हेर)

झालं तर. ९४१ ला पाणी ९७.९ अंशांना उकळतं. पावसाळ्यात दाब थोडा उतरलेला असतो. हिवाळ्यात दहा-बारा हेक्टोपास्कल जास्त मिळतील, तेव्हा ९८.२ च्या आसपास येईल. म्हणजे मुलीने १०० लिहिलं असतं, तर ते इंदूरपुरतं खोटंच ठरलं असतं.

अँडर्स सेल्सियसने १७४२ साली आपलं मोजमाप मांडलं, तेव्हाच नोंदवून ठेवलं होतं की बर्फ वितळण्याचं तापमान हवेच्या दाबाने हलत नाही, उकळण्याचं मात्र हलतं. (त्याच्या मूळ मोजमापात उकळणं ० वर आणि गोठणं १०० वर होतं, ते पुढे उलटवलं गेलं.) शाळांमधून मात्र १०० हा आकडा दगडावर कोरल्यासारखा शिकवतात.

पण तुम्हाला ९५ दिसतायत. ९७.९ मधून ९५ गेले की अजून ३ अंश उरतात. ते उंचीच्या खात्यात टाकू नका.

मंदाकाकू (इंदूर)

वाचतेय सगळं. माझा एक प्रश्न. मी लग्न होऊन मुंबईहून इकडे आले, तेव्हापासून मला वाटतं की इथे तूरडाळीला एक शिट्टी जास्त लागते. सासूबाई म्हणायच्या, डाळच जुनी असेल. म्हणजे माझंच बरोबर होतं ना?

लष्करचे_जोशी (ग्वाल्हेर)

काकू, उघड्या पातेल्यात डाळ शिजवत असाल तर तुमचं बरोबर. दोन अंशांचा फरक डाळीला कळतो. कुकरमध्ये मात्र वरचं वजन बाहेरच्या हवेवर आणखी साधारण एका वातावरणाइतका दाब चढवतं. मुंबईत आत १२०-१२१ अंश होतील, तर इंदुरात त्याहून एखादा अंश कमी. एवढ्याने आख्खी शिट्टी वाढत नाही. सासूबाईंच्या बाजूने निकाल द्यावा लागतोय, क्षमस्व.

मंदाकाकू (इंदूर)

त्या आता नाहीत, नाहीतर हा धागा मीच उडवायला लावला असता 😄

लष्करचे_जोशी (ग्वाल्हेर)

आता ते ३ अंश. पलासियाकर, पाण्याचा पृष्ठभाग थर्मामीटरच्या कितव्या आकड्याशी होता? आणि काचेच्या नळीवर कुठे एक आडवी रेघ किंवा "७६ मिमी" असं काही छापलंय का?

पलासियाकर (इंदूर)

पातेलं उथळ आहे. १५ च्या खुणेपर्यंतच बुडत होता, बाकी सगळा बाहेर. रेघ नाही, काही लिहिलेलंही नाही.

लष्करचे_जोशी (ग्वाल्हेर)

मग चोर सापडला.

थर्मामीटर चालतो तो द्रवाच्या प्रसरणावर. खालच्या फुग्यातला द्रव फुगतो आणि नळीत चढतो. पण नळीत चढलेला द्रवही द्रवच आहे, तोही तापायला हवा. तुमच्या थर्मामीटरवर आकडे छापताना बहुधा असं गृहीत धरलं असेल की द्रवाचा धागा जिथवर पोचला तिथवर तो पूर्ण पाण्यात बुडालेला आहे. तुमच्याकडे १५ पासून ९५ पर्यंतचा, म्हणजे ८० अंशांइतका धागा बाहेर होता. तो उकळत्या पाण्याइतका तापलेला नव्हता, म्हणून पूर्ण फुगला नव्हता, म्हणून आखूड राहिला.

किती आखूड? लाल द्रव दर अंशाला साधारण हजारात एक भाग फुगतो. वर वाफ होती, त्यामुळे बाहेरचा धागा खोलीइतका थंड नसणार, सरासरी ६० अंश धरू. म्हणजे हवा होता त्यापेक्षा तो ३८ अंशांनी थंड. ८० ला ३८ ने गुणा आणि हजाराने भागा, ३ अंश येतात. तुमचे हरवलेले ३ हेच. पाऱ्याचा थर्मामीटर असता तर पारा याच्या सहाव्या हिश्शाइतकाच फुगतो, तेव्हा चूक अर्ध्या अंशावर राहिली असती. (म्हणून घरात पारा आणू नका. फुटला तर निस्तरणं महाग पडतं.)

० ला तो बरोबर का दाखवतो, हेही यातच आलं. ० ला धाग्याचं टोक पाण्याखालीच असतं. बाहेर काही उरतच नाही, तर चूक कशाची होणार? नुसतं बर्फात तपासून थर्मामीटर "पास" करणारे इथेच फसतात.

पण माझं ऐकून लिहू नका, तपासा. उंच डबा घ्या, तळाला थोडंच पाणी ठेवा, आणि थर्मामीटर पाण्याच्या वर, वाफेत, जवळजवळ ९५ च्या खुणेपर्यंत आत राहील असा टांगा. झाकणाला भोक असू द्या, पण वाफेला मोकळी वाट हवी, नाहीतर डब्यातला दाब वाढेल. हात लांब ठेवा. वाफेने भाजतं ते उकळत्या पाण्यापेक्षा वाईट, कारण ती कातडीवर पाणी होताना आपली अप्रकट उष्णता तिथेच ओतते.

बॉयलरकाका (बडोदे)

जोशी, नमस्कार. मी बडोद्याला बॉयलरवर आयुष्य काढलं. वाफेच्या लाइनीवर थर्मामीटरची बत्ती किती आत जाते यावरून आमच्याकडेही भांडणं होत. आखूड खोबणीत बसवलेला मीटर नेहमी कमीच दाखवायचा आणि नवा पोरगा बॉयलरला दोष द्यायचा. प्रसरण म्हणाल तर शंभर मीटर लोखंडी लाइन थंडीतून दीडशे अंश वर गेली की १८ सेंटिमीटर लांब होते. म्हणून मध्ये मध्ये वळसे ठेवतात. नाही ठेवले तर जोड सुटतात.

मी इथे घरी पाणी उकळून बघतो. बडोदं जवळजवळ समुद्रसपाटीलाच, ३५-४० मीटर. दाब सरासरीइतका असेल तर आमच्याकडे ९९.९ यायला पाहिजे.

पलासियाकर (इंदूर)

जोशीकाका, केलं. तेलाच्या जुन्या उंच डब्यात टांगला. फोन अजून ९४१ च म्हणतोय. थर्मामीटर सुरुवातीला ९५ च्या आसपास होता, जसजशी वाफ वरपर्यंत भरली तसतसा सरकत ९७.५ वर जाऊन थांबला. मुलगी ओरडलीच. बाहेर काढून उथळ पातेल्यात ठेवला की पुन्हा ९५.

९७.९ मात्र झाले नाहीत. उरलेले ०.४?

लष्करचे_जोशी (ग्वाल्हेर)

या थर्मामीटरवर एकेका अंशाच्या खुणा आहेत. तुम्ही अर्धा अंश डोळ्याने अंदाजून वाचताय, त्यात नळीचं भोक वरपासून खालपर्यंत सारखं असेलच असं नाही. मी तरी त्या ०.४ चा पाठलाग करणार नाही.

अर्धापेला (पुणे)

मी करीन. टोकाचा थोडा भाग अजून बाहेर होताच ना? ९५ पासून ९७.५ पर्यंत.

लष्करचे_जोशी (ग्वाल्हेर)

अडीच अंशांच्या धाग्याने ०.४ येत नाही हो, एखाद्या दशांशाचा मामला आहे तो. करा पाठलाग, शुभेच्छा.

आता खालची पायरी, जी मला जास्त आवडली. बर्फ असतानाच थर्मामीटर ३-४ वर गेला म्हणता. ढवळत होतात का? आणि फुगा कुठे होता?

पलासियाकर (इंदूर)

ढवळलं नाही, आलेख बिघडेल असं वाटलं. फुगा तळाजवळ होता.

लष्करचे_जोशी (ग्वाल्हेर)

इथेही प्रसरणच, पण पाण्याचं आणि उलटं. बहुतेक द्रव तापले की हलके होऊन वर जातात. पाणी ० पासून ४ अंशांपर्यंत तापवलं तर आकसतं आणि जड होतं. तळाशी ४ अंशांचं पाणी तयार झालं की ते वर जायला तयार नसतं, तिथेच बसतं. बर्फ वर तरंगतोय, त्याच्या भोवती ० अंश, आणि तुमचा फुगा तळाच्या ४ अंशांत. ४ च्या वर गेलं की मग पाणी हलकं होऊन चढतं आणि बर्फाला भिडून थंड होतं. म्हणून तुमचा थर्मामीटर नेमका ३-४ मध्ये रेंगाळला, ७-८ वर गेला नाही. आलेख चुकलेला नव्हता, तो पातेल्याच्या तळाचा होता.

हा जडपणा अगदी किरकोळ असतो, दहा हजारांत एका भागाच्या आसपास. चमच्याने ढवळलं की सगळं मिसळतं. लाकडी चमचा घ्या, सतत ढवळा आणि शेवटचा खडा दिसेनासा होईपर्यंतची वेळ लिहा.

राजवाडाचौक (इंदूर)

म्हणजे वरची पायरी थर्मामीटरच्या द्रवाने बिघडवली आणि खालची पाण्याने. आणि मी मेलो नर्मदेला नावं ठेवत.

पलासियाकर (इंदूर)

ढवळून केलं. पायरी आता ० वरच राहते. शेवटी खडे अगदी बारीक झाल्यावर किंचित वर सरकते, बस.

आता आकडे. मुलीला यातून अप्रकट उष्णता काढायची आहे. बर्फ वितळायला ४ मिनिटं ५० सेकंद लागले. नंतर ३० ते ५० अंश जायला दीड मिनिट. उकळायला लागल्यावर दहा मिनिटांत काट्यावर ९३ ग्रॅम घटलं. पातेलं रिकामं २५० ग्रॅम. हॉट प्लेटवर १००० वॉट लिहिलंय, पण १००० धरलं तर उत्तरं भलतीच मोठी येतात.

अर्धापेला (पुणे)

१००० धरूच नका. अर्ध्याहून जास्त हवेत जातं. पाण्याला किती मिळाले ते पाण्यालाच विचारा. ४०० ग्रॅम पाणी १ अंश वर न्यायला १६७२ ज्यूल, पातेल्याच्या स्टीलला साधारण १२५, म्हणजे मिळून १८०० धरा. २० अंशांना ३६ हजार ज्यूल, ९० सेकंदांत. म्हणजे ४०० वॉट.

मग वितळताना २९० सेकंद गुणिले ४०० म्हणजे १ लाख १६ हजार ज्यूल. ४०० ग्रॅमने भागा, ग्रॅमला २९०. पुस्तकात ३३४. उकळताना ६०० सेकंदांत २ लाख ४० हजार, भागिले ९३, म्हणजे २५८०. पुस्तकात २२६०.

एक कमी, एक जास्त. सरासरी चूक शून्य, गृहपाठ संपला 😜

लष्करचे_जोशी (ग्वाल्हेर)

४०० वॉट काढायची रीत अगदी बरोबर. आणि एक कमी, एक जास्त हे गमतीचं नाही, तसंच यायला हवं.

वितळताना पातेलं खोलीपेक्षा ३० अंशांनी थंड असतं. खोली त्याला फुकट उष्णता देते, शिवाय बाहेरून त्याला घाम फुटतो आणि तो दवही जमताना उष्णता देऊन जातो. उकळताना उलट. पातेलं खोलीपेक्षा ६८ अंशांनी गरम, त्याच्या बाजूंमधून उष्णता निघून जाते. तुमचे ४०० वॉट मोजले ते चाळीस अंशांच्या आसपास, जिथे देणं-घेणं कमी होतं.

पण वितळण्यातली मोठी चूक खोलीची नाही. लादी फोडून आणलेला बर्फ ओला असतो. काट्यावर ४०० भरले, त्यातलं पाणी आधीच वितळलेलं होतं, त्याला वितळवायचा खर्च आलाच नाही. तसाच बर्फ पुन्हा आणाल तेव्हा तेवढ्याच वेळाने चाळणीत निथळून वजन करा.

पलासियाकर (इंदूर)

निथळला. साधारण दहावा हिस्सा पाणी निघालं.

लष्करचे_जोशी (ग्वाल्हेर)

मग खरा बर्फ ३६० धरा. १ लाख १६ हजार भागिले ३६० म्हणजे ३२२. खोलीकडून पंधरा वॉट आले असं धरलं, तर पाच मिनिटांत आणखी साडेचार हजार ज्यूल. तेही मिळवले की ३३४ च येतात. हे इतकं जुळणं निव्वळ योगायोग आहे, वहीत तसं मिरवू नका. दहावा हिस्सा हा अंदाज, पंधरा वॉट हाही अंदाज. ३२२ लिहा आणि खोलीकडूनही थोडी उष्णता आली, असं लिहा.

पुढच्या वेळी खडे फडक्याने पुसून टाका. फ्रीजरमधला उणे १५ चा बर्फ घेतला तर तो कोरडा असतो, पण तो ० ला यायलाच ग्रॅममागे ३१ ज्यूल खातो. तेही हिशोबात घ्यावे लागतील.

बॉयलरकाका (बडोदे)

ओल्या बर्फासारखीच ओली वाफ. कॉलेजात आम्ही नळीने वाफ पाण्यात सोडून लेटंट हीट काढायचो, तेव्हा वर्गातल्या सगळ्यांचं १९०० यायचं. गुरुजी म्हणायचे चालेल. नोकरीला लागल्यावर कळलं काय होत होतं. नळीतच वाफेचं पाणी होतं आणि थेंब बनून येतं. शंभर ग्रॅममध्ये पंधरा ग्रॅम थेंब असले तरी २२६० चे १९२० होतात, कारण थेंबाने आपली मोठी रक्कम नळीतच खर्च करून टाकलेली असते. कारखान्यात त्यासाठी लाइनीवर स्टीम ट्रॅप लावतात, तो पाणी बाहेर काढतो आणि वाफ अडवतो. प्रयोगशाळेत नळी आखूड ठेवायची, कापडाने गुंडाळायची आणि मध्ये थेंब पकडायला एक बाटली ठेवायची.

पण पलासियाकरांची रीत वेगळी आहे, ते वजन घटताना बघतायत. त्यात थेंबांची भानगड नाही, उडालेले शिंतोडे मात्र वाफ म्हणून मोजले जातील. खळखळ कमी ठेवा.

पलासियाकर (इंदूर)

मग मी झाकण ठेवू का? शिंतोडे अडतील.

लष्करचे_जोशी (ग्वाल्हेर)

झाकण नको. वाफ झाकणावर पाणी होऊन परत पडेल, उष्णता खोलीला जाईल आणि वजन घटणार नाही. उत्तर २५८० वरून आणखी वर जाईल.

तुमच्या ४०० वॉटला दहा मिनिटांत १०६ ग्रॅम जायला हवं होतं, गेलं ९३. उरलेल्या १३ ग्रॅमची उष्णता म्हणजे सुमारे ३० हजार ज्यूल, सेकंदाला पन्नास. एवढे पन्नास वॉट पाण्याला मिळालेच नाहीत, किंवा मिळून बाजूने गेले.

अर्धापेला (पुणे)

एक शंका. उकळणाऱ्या पाण्याच्या पृष्ठभागावरून जी उष्णता जाते, तीही तोट्यात धरायची ना?

लष्करचे_जोशी (ग्वाल्हेर)

वाफ होऊन जाते ती नाही. तिचं वजन काट्याने धरलेलंच आहे. तोटा फक्त पातेल्याच्या स्टीलमधून हवेला जाणारा. म्हणूनच पातेलं प्लेटवरून उतरवून पाणी किती भरभर निवतं ते बघून तोटा काढू नका. त्यात पृष्ठभागावरून उडणारी वाफही येते, आणि आकडा फुगतो.

बॉयलरकाका (बडोदे)

माझ्या मते पन्नास वॉट बाजूने जाणं जरा जास्तच. एवढ्याशा पातेल्याचा अंगाबाहेरचा भाग किती? मी तीस-पस्तीस म्हणेन. बाकीचं असं असावं की ९८ च्या पातेल्याला प्लेट मुळातच कमी उष्णता देते. ४० च्या पातेल्याला जास्त देते, कारण दोघांमधला फरक जास्त असतो.

लष्करचे_जोशी (ग्वाल्हेर)

असू शकेल. प्लेट तीन-साडेतीनशे अंशांना असेल, तर तुमच्या म्हणण्याने बराच फरक पडेल. पण या प्लेटचा थर्मोस्टॅट मध्येच बंद-चालू होत असेल तर दोघांचंही चुकलं. पलासियाकर, दिवा विझतो-पेटतो का?

पलासियाकर (इंदूर)

विझतो काका. उकळताना मध्ये एकदा विझला होता, थोड्या वेळाने पेटला. मी लक्ष दिलं नाही.

राजवाडाचौक (इंदूर)

लो, आता बिजलीवालेही आले धाग्यात.

लष्करचे_जोशी (ग्वाल्हेर)

मग ९३ ग्रॅमचा आकडा सध्या बाजूला ठेवा. नॉब पूर्ण वर करा, म्हणजे दिवा विझणार नाही, आणि ३० ते ५० ची वेळ आणि उकळण्याचं वजन दोन्ही त्याच नॉबवर परत घ्या. पाणी जास्त खळखळलं तर थोडं उंच पातेलं घ्या. बाजूंना काही गुंडाळायचं असेल तर काचलोकर वापरा. फडकं प्लेटला लागून पेटेल.

बॉयलरकाका (बडोदे)

माझं बडोद्याचं राहिलंच. बाजारातला लाल थर्मामीटर, उंच बरणीत वाफेत टांगून: ९९. हवे होते ९९.९. पातेल्यात ठेवून ९६.५.

अर्धापेला (पुणे)

म्हणजे दोघांचेही थर्मामीटर वाफेत टांगूनसुद्धा थोडे कमीच दाखवतायत. इंदुरात ०.४, बडोद्यात ०.९. जोशीकाका, पाठलाग करावा लागेल.

लष्करचे_जोशी (ग्वाल्हेर)

करा म्हटलंच होतं. ग्वाल्हेरला माझ्याकडे पाऱ्याचा जुना आहे, ७६ मिमीची रेघ असलेला. दाब ९८८ असला की मला ९९.३ यायला हवेत. रविवारी बघतो. पलासियाकर, वहीत तोवर तीन रकाने करा: वाचलेलं तापमान, बाहेर राहिलेल्या धाग्याची दुरुस्ती, आणि त्या वेळचा फोनवरचा दाब. वरच्या पायरीला ९५, अधिक ३, आणि शेजारी ९४१.

पलासियाकर (इंदूर)

लिहिलं. शाळेतून विचारणा झाली की १०० कुठे गेले, तर मुलगी म्हणते ती फोनच दाखवणार आहे. नॉब वर करून आज रात्री परत उकळतो, आकडे टाकतो.